छप्पन्न मुलं, चार पळणारी

डिसेंबरातल्या एका गुरुवारी बारा वाजून वीस मिनिटांनी मी एका शाळेच्या जिन्याखाली स्टॉपवॉच घेऊन उभा होतो. आठवी ब चा पीटीचा तास होता. पटावर छप्पन्न मुलं आणि तास पस्तीस मिनिटांचा. दोन दिवसांनी त्याच शाळेच्या पारितोषिक वितरणाला मला पाहुणा म्हणून बोलायचं होतं. मुख्याध्यापिका बाईंनी विषयही देऊन ठेवला होता : ‘खेळाचे महत्त्व’. एकतीस वर्षं खेळाचा शिक्षक म्हणून काढल्यावर हा विषय मला झोपेतही बोलता येतो, आणि ऐकणाऱ्यांना झोपेतही ऐकता येतो. पण त्या वर्षी शाळेत एक वेगळंच घाटत होतं. जूनपासून आठवी-नववीला रोज एक जादा तास ठेवायचा, गणित आणि विज्ञान आलटून पालटून, असा प्रस्ताव होता. पालकांचं मत मागवणारी चिठ्ठी घरोघरी गेली होती. म्हणून ठरवलं की महत्त्व वगैरे राहू दे, या जादा तासाच्या जागी रोज खेळाचा तास ठेवा, एवढंच सांगायचं. आणि ते सांगण्याआधी सध्याचा खेळाचा तास कसा चालतो ते मोजून घ्यायचं.

भाषणाची सुरुवात मी त्या मोजणीनेच केली. घंटा झाल्यापासून शेवटचं मूल मैदानावर पोचेपर्यंत सात मिनिटं गेली. ओळी लावणं आणि हजेरी, पाच मिनिटं. जागेवर उभं राहून हातांची कवायत, सहा मिनिटं. बाजू पाडणं आणि कोण कोणाकडे यावरून वाद, तीन मिनिटं. परत वर्गात जाणं आणि वाटेत नळावर पाणी पिणं, चार मिनिटं. पस्तीसमधून पंचवीस अशी गेली. उरलेली दहा मिनिटं खो-खो.

आता खो-खोचा हिशोब बघा. पाठलाग करणाऱ्यांचे आठ जण पाटीवर चौरसांत बसलेले, नववा पळतो. समोरचे तीन जण एका वेळी आत. म्हणजे मैदानात बारा मुलं, आणि कुठल्याही क्षणी पायांवर फक्त चार. बाकीची चव्वेचाळीस फक्कीच्या बाहेर उभी राहून ओरडत होती. मी पाटीवर बसलेल्या एका मुलीवर नजर ठेवली. तिला त्या दहा मिनिटांत चार वेळा खो मिळाला. चारही वेळचं पळणं मिळून पन्नास सेकंद भरले. ती नशीबवान म्हणायची, कारण बाहेर उभ्या असलेल्या एका मुलाने पूर्ण तासात केलेली सर्वांत मोठी हालचाल म्हणजे मित्राच्या पाठीत घातलेला धपाटा.

सभागृहात हशा झाला. खेळाच्या शिक्षकांनी मात्र मान खाली घातली, आणि मला वाईट वाटलं. दोष त्यांचा नव्हता. खो-खो हा सामन्याचा खेळ आहे. सामन्यात दोन संघ आणि प्रेक्षक असतात, आणि आपण वर्गाला तो तसाच्या तसा लावतो, म्हणून वर्गाचे प्रेक्षक होतात. क्रिकेटमध्ये तर याहून वाईट. एक जण बॅट धरतो, एक चेंडू टाकतो आणि उरलेली पंचवीस मुलं चिंचेच्या सावलीत जातात.

हे पालकांसमोर सांगायचं कारण असं, की जादा तासाच्या बाजूने असलेल्या पालकांचं म्हणणं अर्धं बरोबर होतं. ‘पीटीच्या तासात मुलं उंडारतात, त्यापेक्षा दोन गणितं तरी होतील’, असं चिठ्ठीवर कोणीतरी लिहिलं होतं. असा तास रोज ठेवला तर खरोखरच काही मिळणार नाही. मी मागत होतो तो तास वेगळा होता, आणि तो कसा असतो ते पुढे सांगणारच आहे. पण आधी गणिताचं बघू, कारण सगळी भीती तिथेच आहे.

पस्तीस मिनिटांचा एक तास, वर्षाचे दोनशे वीस दिवस. हे झाले सुमारे १२८ घड्याळी तास. (आपल्याकडे शाळेचा तास साठ मिनिटांचा कधीच नसतो, म्हणून ‘घड्याळी’ म्हणावं लागतं.) एवढा वेळ अभ्यासाला न देता खेळाला दिला, तर मुलं मागे पडतील का? हा प्रश्न वाद घालून सुटणारा नाही. कोणीतरी तसं करून बघायला हवं. सुदैवाने ते कोणी तरी फार पूर्वीच करून बघितलं आहे.

कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात १९७० ते १९७७ या काळात एक प्रयोग झाला. एक शाळा त्रुआ-रिव्हिएर या शहरातली आणि एक पाँ-रूज या ग्रामीण भागातली. पहिली ते सहावीची ५४६ मुलं. त्यांतल्या निम्म्या तुकड्यांना रोज एक तास शारीरिक शिक्षण दिलं, तेही त्या विषयाच्या प्रशिक्षित शिक्षकाकडून. बाकीच्यांना पूर्वीसारखीच आठवड्याला चाळीस मिनिटं, आणि तीही वर्गशिक्षकच उरकणार. तुलना दुसऱ्या कुठल्या शाळेशी केली नाही. त्याच शाळेतली एक वर्ष पुढची आणि एक वर्ष मागची तुकडी घेतली. त्यामुळे शिक्षक तेच, गाव तेच, पालकही साधारण त्याच पैकी. नाहीतर खेळाची शाळा श्रीमंतांची आणि दुसरी गरिबांची निघते, आणि खेळाचं म्हणून जे श्रेय दिसतं ते खरं तर घरच्या परिस्थितीचं असतं.

रोजचा तो तास काही आकाशातून आला नाही. तो भाषा-गणिताच्या वेळातून कापला, आणि अभ्यासाचा वेळ तेरा-चौदा टक्क्यांनी कमी झाला. वेळ तेवढा कमी झाला म्हणजे गुणही त्या मानाने उतरायला हवे होते. पहिलीत खेळणारी मुलं थोडी मागे राहिलीही. पण दुसरीपासून पुढे ती बरोबरीला आली आणि किंचित पुढे गेली.

मी व्यासपीठावर इथे थांबलो, कारण टाळ्या पडायला लागल्या होत्या आणि या ठिकाणी टाळ्या पडणं धोक्याचं असतं. या प्रयोगावरून ‘खेळा आणि गुण वाढवा’ असा फलक रंगवता येत नाही. गुण शाळेतल्या शिक्षकांनीच दिलेले होते, आणि कोणती मुलं रोज खेळतात हे त्यांना माहीत होतं. शिवाय प्रयोग करणाऱ्यांनीच एक गोष्ट नोंदवली आहे. मुलं तासभर मैदानावर गेली की वर्गशिक्षकांना तेवढी उसंत मिळत होती, आणि ताज्या शिक्षकाने घेतलेला तास जास्त चांगला होत असणार. म्हणजे फायदा पळण्याचा किती आणि बाईंच्या चहाचा किती, हे वेगळं काढता येत नाही. पण वेळ कमी केल्यामुळे गुण पडले असं काही झालं नाही, एवढं नक्की म्हणता येतं. माझ्या भाषणाला तेवढंच पुरेसं होतं. जादा तास मागणाऱ्यांचा सगळा भरवसा ‘वेळ वाढवला की गुण वाढतात’ या एका गृहीतावर आहे, आणि ते गृहीतच इथे डळमळतं.

असं का होतं, हे ज्याने कधी शेवटचा तास घेतला आहे त्याला समजावून सांगावं लागत नाही. आठव्या तासाला गणिताचे सर फळ्यावर उदाहरण सोडवत असतात. पुढच्या दोन बाकांवरची मुलं वहीत उतरवत असतात आणि बाकीचा वर्ग खिडकीबाहेरची रिक्षा ओळखत असतो. त्यावर नववा तास चढवला तर तास एक वाढतो, शिकणं वाढतंच असं नाही. अमेरिकेत चार्ल्स हिलमन यांच्या गटाने २००९ साली नऊ-दहा वर्षांच्या वीस मुलांवर एक छोटी चाचणी घेतली. एके दिवशी मुलांना वीस मिनिटं ट्रेडमिलवर झपझप चालायला लावलं, दुसऱ्या दिवशी तेवढाच वेळ बसवून ठेवलं, आणि दोन्ही वेळा नंतर लक्ष लागण्याची व वाचनाची परीक्षा घेतली. चालून आल्यावरची उत्तरं जास्त अचूक आली. वीस मुलांवरून जग जिंकता येत नाही, हे खरं. मला त्यातून वेळापत्रकाची एक युक्ती मिळाली, ती शेवटी सांगतो.

पालकांना सर्वांत जास्त भिडला तो मात्र डोळ्यांचा मुद्दा. चीनमधल्या ग्वांगजौ शहरात बारा शाळा निवडल्या. सहा शाळांत पहिलीच्या मुलांना रोज चाळीस मिनिटांचा एक तास उघड्यावर दिला, उरलेल्या सहा शाळांत नेहमीचंच वेळापत्रक ठेवलं. तीन वर्षांनी तपासलं, तेव्हा नेहमीच्या शाळांत शंभरातल्या ३९.५ मुलांना नव्याने जवळचा नंबर लागला होता, उघड्यावर जाणाऱ्यांत ३०.४ मुलांना. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. यात पळण्यापेक्षा उजेडाचा वाटा मोठा असावा असं मानतात. ट्यूबलाइटच्या वर्गात प्रकाश काहीशे लक्स असतो, तर बाहेर झाडाच्या सावलीतही तो काही हजारांवर जातो. वाढत्या वयात बुबुळामागचा डोळा लांबट होत जाणं, हे जवळच्या नंबराचं मूळ, आणि लख्ख उजेडाने ते लांबणं मंदावतं. एकदा लागलेला नंबर याने उतरत नाही, आणि आठवीपर्यंत अनेकांना तो लागून चुकलेला असतो. म्हणून हा मुद्दा मी खरं तर पहिली-दुसरीच्या पालकांसाठी सांगितला. पण पुढच्या रांगेत चष्मा लावलेली चाळीसएक मुलं बक्षिसं घ्यायला बसली होती, आणि सगळं सभागृह त्यांच्याकडे बघू लागलं.

मग मी खिशातून दुसरा कागद काढला. त्यावर तोच तास होता. तीच छप्पन्न मुलं, तेच पस्तीस मिनिटं, तेच चाळीस मीटर लांबीचं मैदान. फरक एवढाच, की वर्गाचे चौदा-चौदाचे चार गट वर्षाच्या सुरुवातीलाच पाडलेले. प्रत्येक गटाला एक नायक, तो दर महिन्याला बदलायचा. घंटा झाली की नायक सामान घेऊन पुढे जातात, गट थेट आपापल्या कोपऱ्यात जातो, हजेरी नायकच घेतो आणि शिक्षकांना फक्त गैरहजर कोण ते सांगतो. यात जायला पाच मिनिटं लागतात. कवायतीऐवजी सगळ्या वर्गाची साखळी, चार मिनिटं. एकाने एकाला पकडायचं, हात धरून दोघांनी तिसऱ्याला. अंग तापवायला याहून चांगला प्रकार मला एकतीस वर्षांत सापडला नाही. मग दोन कोपरे, प्रत्येकी दहा मिनिटं, मध्ये जागा बदलायला एक मिनिट. परतायला पाच.

कोपरे चार. पहिल्यात छोटा खो-खो : सहा चौरस, सात विरुद्ध सात, आणि समोरचे सातही जण एकदम आत. नियमाच्या पुस्तकाप्रमाणे हे साफ चूक आहे, पण चौदातले आठ जण पायांवर असतात. दुसऱ्यात दोरीवरच्या उड्या, दोघांत एक दोरी, मिनिटामिनिटाने पाळी. तिसऱ्यात चेंडू झेलत-फेकत पाच पास पूर्ण करण्याचा खेळ. चौथ्यात लंगडी, पण एका वेळी दोघांनी लंगडी घालायची. आणि सगळ्या कोपऱ्यांना एकच नियम : बाद झालेल्याने बाहेर बसायचं नाही, दहा उड्या मारून परत आत यायचं. हा नियम दिसायला किरकोळ आहे. पण बाद होऊन बसण्याच्या खेळात सर्वांत आधी कोण बाद होतं? जाड मूल, हळू मूल, नवीन आलेलं मूल. म्हणजे ज्याला पळण्याची गरज सर्वांत जास्त, तेच सर्वांत जास्त वेळ बसतं.

सामान काय लागतं? सात दोऱ्या, दोन रबरी चेंडू आणि फक्कीचं एक पोतं. शिक्षक एकच. तास नीट चालला की नाही हे ओळखायला एक सोपी खूण आहे. मध्येच शिट्टी मारून मुलांना मानेवर बोटं ठेवून दहा सेकंद ठोके मोजायला सांगायचे. तेवीस-चोवीसच्या पुढे आले तर खेळ चालू आहे. सोळा-सतरा आले तर सहल चालू आहे. त्यातही नाही जमलं तर मुलाशी बोलून बघावं. धापा टाकत दोन वाक्यं बोलतं, पण गाणं म्हणता येत नाही, ही बरोबर स्थिती. जागतिक आरोग्य संघटना शाळकरी मुलांना दिवसाला सरासरी साठ मिनिटं अशी हालचाल सांगते. या तासातून त्यातली सतरा-अठरा मिनिटं मिळतात. बाकीची संध्याकाळी मिळायची, पण संध्याकाळ शिकवणीला गेली आहे.

भाषण बारा मिनिटांचं ठरलं होतं, ते वीस मिनिटं चाललं. नंतर चहाच्या वेळी खरी सभा झाली. एका वडिलांनी विचारलं, “सर, दहावीला हे गुण देणार का?” मी म्हटलं, राज्य स्तरापर्यंत खेळणाऱ्यांना बोर्ड क्रीडा गुण देतं, पण ते मोजक्या मुलांचं, रोजच्या तासाचं नाही. ज्या मुलाला अपूर्णांक येत नाही, त्याला पळून अपूर्णांक येणार नाहीत. त्याला सात-आठ मुलांत बसवून शिकवावं लागेल, आणि ते छप्पन्नांच्या जादा तासातही होणार नाही. दुसऱ्या एकांनी सीबीएसईचं काढलं. तिथे २०१८ पासून नववी ते बारावीला रोज आरोग्य आणि शारीरिक शिक्षणाचा तास सांगितलेला आहे. ‘कागदावर’, असं त्यांनीच हळूच जोडलं, आणि ते खोटं नव्हतं. खेळाचा तास हा शाळेतला सर्वांत सहज चोरीला जाणारा तास. ‘आज ग्राउंड नाही, भूगोलाचा भाग राहिलाय’ हे वाक्य ऐकलं नाही असा विद्यार्थी मला दाखवा. म्हणून मी बाईंना सुचवलं की वर्गाच्या हजेरीच्या मागच्या पानावर मॉनिटरने रोज एक खूण करायची, झाला किंवा गेला. गेला तर कोणी घेतला ते नाव. महिनाअखेरीस पान मुख्याध्यापकांच्या टेबलावर.

एक आई सगळे पांगेपर्यंत थांबल्या होत्या. त्यांची मुलगी नववीत. “ती सातवीपर्यंत पळायची हो, आता ग्राउंडच्या दिवशी पोटात दुखतं म्हणते.” मी विचारलं, गणवेश काय? स्कर्ट. पोटदुखी कुठून येते हे बहुतेक वेळा एवढ्यावरच कळतं. खेळाच्या दिवशी ट्रॅक पँट घालून यायची परवानगी होती, पण ती फक्त शनिवारची. खेळ रोज ठेवायचा तर ही परवानगीही रोजची करावी लागते. पाळीच्या दिवसांत न विचारता, न सांगता कोपऱ्यात गुण लिहायचं काम घेता यायला हवं, आणि मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी हवं. या तीन गोष्टींशिवाय रोजचा खेळाचा तास हा अर्ध्या वर्गाचाच तास होतो. भाषणात हे माझ्याकडून राहून गेलं होतं. खरं तर तो भाषणाचा पहिला मुद्दा असायला हवा होता.

संस्थेच्या सचिवांनी अखेर मधला मार्ग काढला. नववीला जादा तास, आठवीला रोज खेळ, एक वर्ष करून बघू. मे महिन्यात बाईंनी वेळापत्रकाचा कच्चा आराखडा पाठवला, तर त्यात खेळ आठव्या तासाला होता. मी लगेच फोन केला. शेवटच्या तासाला मुलं दप्तर घेऊनच मैदानात येतात. पाच मिनिटं आधी रिक्षावाले फाटकाशी हॉर्न वाजवतात. वर्गसफाईची पाळी असलेला गट येतच नाही. शिवाय हिलमनच्या त्या वीस मुलांना जे मिळालं, ते खेळून झाल्यावर वाचायला बसल्यामुळे मिळालं. खेळून घरी गेलं तर त्याचा उपयोग शिकवणीच्या बाईंना. म्हणून खेळ तिसऱ्या तासाला घ्या आणि चौथ्याला गणित ठेवा, असं सांगितलं. गणिताच्या सरांची तक्रार आली की मुलं घामेजलेली, धापा टाकत येतील. त्यावर तोडगा निघाला की परतीच्या पाच मिनिटांतली शेवटची दोन चालत, पाणी पिऊन. सर तयार झाले, पण ‘एक महिनाच’ असं बजावून.

जून बरा गेला. हजेरीच्या मागच्या पानावर अठरा ‘झाला’ आणि तीन ‘गेला’, तिन्ही एकाच विषयाने घेतलेले. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात बाईंचा फोन आला. “सर, सलग नऊ दिवस पाऊस. मैदानात तळं झालंय. गणिताचे सर म्हणतात, पावसाळ्यापुरता तास माझ्याकडे द्या.”

आपल्याकडे रोजच्या खेळाच्या तासाची खरी परीक्षा पावसाळ्यात होते. क्वेबेकला बर्फ होता, पण त्यांच्याकडे बंदिस्त क्रीडागृहं होती. मी बाईंना सांगितलं, गट चारच ठेवा. दोन गट वर्गात, बाकं भिंतीला लावून जागेवर सूर्यनमस्कार. वीस झाले की ठोके मोजायचे, ते मैदानापेक्षा जास्तच भरतील. उरलेले दोन गट व्हरांड्यात, दोरीच्या उड्या आणि भिंतीशी चेंडू. अर्ध्या वेळाने अदलाबदल. फक्त शेजारच्या वर्गाला आवाजाचा त्रास होईल, तेव्हा त्या वेळी तिथे चित्रकलेचा तास येतो का बघा. आणि व्हरांडा ओला असेल तर उड्या अजिबात नकोत, घसरून हात मोडतो.

“व्हरांडा किती लांब आहे?” मी विचारलं.

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग बाई कोणाला तरी म्हणाल्या, “अरे, टेप आण रे जरा.”